शैला आर्ट्सचा ल

ठाण्यात चरईमधे एक गल्ली आहे, रिक्षा आत शिरली की समोरून येणाऱ्या माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं अशी. तिथल्या एका जुन्या दोन मजली इमारतीच्या खाली आठ बाय दहाचा गाळा, आणि गाळ्यावर हा बोर्ड. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, लाल शेड. शैला आर्ट्स. खाली बारीक अक्षरात, बोर्ड पेंटर. म्हणजे डावीकडचं "शैला" तुम्हाला आता वाचता येणार नाही, वरच्या पन्हळीचं पाणी बरोब्बर त्या कोपऱ्यावर गळतं, पत्रा गंजलाय आणि रंगाचे पोपडे निघालेत, नुसता अंदाज लागतो. पण अख्खी गल्ली हे दुकान ओळखते, त्यामुळे वाचायची गरज कुणाला पडलेली नाही.

बोर्डाचे मालक म्हणजे पेंटरकाका. खरं नाव आम्ही विचारलं, त्यांनी सांगितलंही, पण गल्लीत ते नाव घेऊन कुणाला शोधलंत तर सापडणार नाही. वय 71. हा बोर्ड त्यांनी 1984 च्या मे महिन्यात काढला, स्वतःच्या दुकानासाठी, आणि दुकानाला नाव दिलं बायकोचं. का, तर काकू म्हणतात, "भांडवल माझ्या माहेरचं होतं, नाव कुणाचं देणार?"

आता इमारत रिडेव्हलपमेंटला चाललीये. काकांना नवीन गाळा मिळणार, मेन रोडला, तळमजल्यावर. मुलाचं म्हणणं, आता पत्र्याचा बोर्ड नको, अॅक्रिलिकची उठावाची अक्षरं करू, आतून लाइट असलेली. अॅक्रिलिक मशीनवर कापायचं तर कॉम्प्युटरवर फाइल लागते, आणि फाइल करायला केतकी आली. नौपाड्यात राहते, वय 24, डिझायनर आहे, काकांच्या मुलाच्या मित्राची बहीण. पैसे घेणार नव्हती, तिला हे काम स्वतःच्या पोर्टफोलिओत हवं होतं. आणि खरं सांगायचं तर आम्ही पण म्हणूनच गेलो होतो कॅमेरा घेऊन, जुना हात नवा कॉम्प्युटर, काकांच्या डोळ्यात पाणी, असला काहीतरी शॉट मिळेल म्हणून. तो मिळाला नाही.

केतकीने कामाला सुरुवात केली ती मोबाइलवर फोटो काढून. गल्ली अरुंद, समोरची भिंत 12 फुटांवर, त्यामुळे फोटो खालून मान वर करून काढलेला. अशा फोटोत बोर्ड वरच्या बाजूला निमुळता होत जातो. सॉफ्टवेअरमधे चार कोपरे खेचले की तो परत चौकोनी होतो, तसा तिने केला, 6 फूट बाय 2 फुटांचा. आणि मग एकेका अक्षराच्या कडेवर बिंदू टाकत टाकत ट्रेसिंग. हे काम शिवणकामासारखं आहे, बिंदू जास्त झाले की कड गचके खाते आणि कमी झाले की अक्षराचा आकार सुटतो, त्यामुळे नुसत्या "आर्ट्स" ला तिचे दोन रविवार गेले. "शैला" मात्र गंजात गेलेलं, तिथे ट्रेस करायला काही नव्हतंच. म्हणून ते तिने एका फॉन्टमधे टाइप केलं, त्याचा सांगाडा घेतला आणि त्यावर काकांच्या अक्षराची जाडी चढवली, टोकांना काकांच्या ब्रशचा तिरका काप दिला. मेहनत होती, खोटं नाही.

मग एका शनिवारी संध्याकाळी ती टॅब घेऊन आली. काका स्टुलावर, चष्मा कपाळावर. तिने स्क्रीन समोर धरली. निळी जमीन, पिवळी अक्षरं, लाल शेड, सगळं कसं स्वच्छ, कडा सुरीने कापल्यासारख्या. काकांनी चष्मा खाली घेतला, बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले,

"छान आहे. कोणाचं दुकान आहे हे?"

केतकी हसली, तिला वाटलं काका मस्करी करतायत. काका मस्करी करत नव्हते. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी वाकून बघितलं आणि बोटच ठेवलं स्क्रीनवर. "हा श माझा नाही. माझा श देठाचा आहे. हा हिंदीतला. आणि ल पण."

आता इथे जरा थांबूया, कारण हे आपण रोज बघतो आणि लक्षात येत नाही. मराठीत आपण जो ल लिहितो तो पाकळीचा, दोन पाकळ्या शेजारी शेजारी, उजवीकडे उभा दांडा नाही. हिंदीतल्या ल ला उजव्या हाताला दांडा असतो. तसंच श चं. आपला श देठाचा, वर देठ आणि त्याला पानासारखं लोंबणारं पोट, हिंदीतला श डोक्याशी गाठ मारलेला. शाळेच्या पाटीवर आपण सगळे पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून मोठे झालो. राज्य सरकारने 2009 च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच रूपं ठरवून दिलीत. पण कॉम्प्युटरला हे दोन वेगळे ल आहेत हे माहीतच नसतं. युनिकोडमधे ल ला एकच नंबर आहे, U+0932, श ला U+0936, मराठी असो नाहीतर हिंदी. स्क्रीनवर कुठला ल उमटणार हे फॉन्ट ठरवतो, आणि बहुतेक फॉन्टचं न सांगता उमटणारं रूप हिंदीचं असतं. चांगल्या फॉन्टमधे मराठी रूप आत ठेवलेलं असतं, `locl` नावाच्या सोयीखाली, पण ते आपणहून बाहेर येत नाही. या मजकुराची भाषा मराठी आहे असं तुम्हाला सॉफ्टवेअरमधे निवडून सांगावं लागतं, वेबपेजवर असेल तर `lang="mr"` लिहावं लागतं, आणि मुळात फॉन्ट बनवणाऱ्याने ते रूप काढून ठेवलेलं असावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी शैला हिंदीत जाते. स्टेशनपासून चरईपर्यंत चालत या आणि दुकानांच्या पाट्यांवरचे ल मोजत या, कळेल. मराठी पाट्यांचा कायदा 2022 मधे कडक झाला, मराठी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, त्यानंतर घाईघाईने कितीतरी पाट्या लागल्या, त्या सगळ्या मराठीतच आहेत, फक्त ल दांड्याचा.

केतकीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कॉलेजमधे शिकवलेलं. तिने फॉन्ट उघडला, भाषा बदलली, श चटकन देठाचा झाला. ल झाला नाही. त्या फॉन्टमधे श चं मराठी रूप होतं, ल चं कुणी काढलंच नव्हतं.

मग काकांनी खडू घेतला. शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याच्या पन्हाळीवर, म्हणजे ज्यावर धड रेघ पण ओढता येत नाही अशा पत्र्यावर, ल काढला. आम्ही हे अगदी जवळून घेतलंय, बघा. आधी डावी पाकळी, वरून सुरू करून बाहेरच्या बाजूने खाली आणि आत वळवून गाठ. मग उजवी, पण ती डावीची उलटी कॉपी नाही, ती थोडी मोठी आणि जरा खाली उतरलेली. काका म्हणाले, दोन्ही सारख्या काढल्या तर ल डावीकडे कलल्यासारखा दिसतो, का ते मला विचारू नको, काढून बघ. शिरोरेघ सगळ्यात शेवटी. हे त्यांचं कायमचं. सूत मारताना मात्र शिरोरेघेचीच ओळ आधी. सूत म्हणजे खडूच्या पुडीत घोळवलेला दोरा, दोन टोकं ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायचा, पत्र्यावर फट्कन सरळ रेघ उमटते. अक्षरं त्या रेघेला टांगायची आणि रंगाची शिरोरेघ सगळं झाल्यावर, एका दमात, डावीकडून उजवीकडे. मनगट टेकवायला एक काठी, टोकाला चिंधी बांधलेली, म्हणजे ओल्या रंगाला लागली तरी ओरखडा येत नाही.

केतकीने शटरचा फोटो काढला. तिला वाटलं प्रॉब्लेम सुटला. काका म्हणाले, "बाळा, अजून एक. तू माझ्या अक्षरांची डोकी का कापलीस?"

ही दुसरी गोष्ट, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट हीच. फोटो चौकोनी केल्यावर केतकीला दिसलं होतं की काकांची अक्षरं जरा विचित्र आहेत. रुंदीच्या मानाने उंच, आणि शिरोरेघेच्या वरचा भाग, म्हणजे तो आर्ट्सचा रफार, चांगलाच मोठा. 9 इंचाच्या अक्षरावर 4 इंच जागा नुसती वरच्या मात्रांना आणि रफाराला ठेवलेली. तिला वाटलं काकांचा अंदाज चुकला असेल, 1984 साली शिडीवर चढून काढलंय, होतं असं. म्हणून तिने अक्षराची उंची कमी करून ते प्रमाणात आणलं आणि रफार बारीक केला. फॉन्टमधे असतो तसा.

काकांनी तिला गल्लीत नेऊन उभं केलं. दुकानापासून 6 फुटांवर, कारण गल्लीत लोक साधारण तिथूनच चालतात. "आता वर बघ." माणसाचा डोळा जमिनीपासून 5 फुटांवर, अक्षरं 10 फुटांवर. म्हणजे 6 फूट लांब आणि 5 फूट वर, नजर जवळजवळ 40 अंशांत वर जाते. एवढ्या तिरक्या नजरेला उभी गोष्ट चेपलेली दिसते. केतकीने तिथल्या तिथे मोबाइलवर हिशोब केला, 9 इंचाचं अक्षर तिथून 7 इंचाच्या अक्षराएवढं दिसतं. रुंदी मात्र तेवढीच राहते. म्हणजे पुस्तकातल्या प्रमाणात अक्षर काढलं तर गल्लीतून ते बसकं, फुगलेलं दिसणार. आणि वर छज्जा, त्याची सावली दुपारभर मात्रांवर, म्हणून मात्रा आणि रफार जाड. काकांनी हा हिशोब केला नव्हता, त्यांनी बोर्ड काढायच्या आधी खडूने अक्षर टाकून शिडीवरून खाली उतरून बघितलं होतं, परत वर, परत खाली, काकूंच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर हेच चाललेलं आणि जेवायला हाक मारली तरी येईनात.

केतकी गप्प झाली. मग तिने टॅब काढला आणि म्हणाली, ठीक आहे काका, मी सगळं होतं तसं परत करते, तुमचं मूळ प्रमाण ठेवते.

"कशाला?" काका म्हणाले. "नवीन दुकान कुठे आहे?"

नवीन दुकान मेन रोडला. बोर्डासाठी जी पट्टी सोडलीये ती जमिनीपासून 15 फुटांवर, आणि लोक बघणार समोरच्या फुटपाथवरून, 30 फुटांवरून. नजर जेमतेम 18 अंश वर जाते, तिथून 9 इंचाचं अक्षर साडेआठचं दिसतं, म्हणजे काही बिघडत नाही. तिथे हे गल्लीतलं प्रमाण नेऊन लावलं तर अक्षरं काठ्यांसारखी लांबडी दिसतील. म्हणजे केतकीने चुकून जे केलं होतं ते नवीन जागेला जवळजवळ बरोबर होतं, फक्त रफार सोडून. मला हे ऐकून हसू आलं, केतकीला नाही आलं.

आणि अजून एक भानगड होती. जुन्या बोर्डावर स च्या दांड्यात मधोमध एक जोड आहे. बारकाईने बघा, इथे, दांडा वरून खाली येतो आणि अर्ध्यावर किंचित उजवीकडे सरकतो. केतकीने तो मुद्दाम जपला होता. सगळ्या कडा साफ केल्या पण हा जोड ठेवला, पोर्टफोलिओत त्याच्यावर वेगळं पान केलं होतं, मोठा करून दाखवलेला, खाली लिहिलेलं की यात हाताचा स्पर्श आहे वगैरे. काकांनी ते पान बघितलं.

"हे काढून टाक."

"काका, पण हे तर..."

"अगं चूक आहे ती. मे महिना, दुपारचे दोन, डब्यातला ऑइलपेंट उन्हाने घट्ट व्हायला लागलेला, टर्पेंटाइन संपलं होतं आणि म्हटलं दुकानात कोण जातंय आत्ता. ब्रश दांड्याच्या अर्ध्यात कोरडा पडला. परत बुडवून जोड मारला. चाळीस वर्षं खुपतोय मला तो. रोज शटर उघडताना पहिला तोच दिसतो."

आम्ही विचारलं, मग परत रंगवला का नाही. काका म्हणाले गिऱ्हाइकाचा असता तर त्याच दिवशी पुसून काढला असता, ओला असताना टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो, वाळला की मग सगळं घासून रेडऑक्साइडपासून सुरुवात, दोन हात जमिनीचे, प्रत्येक हात रात्रभर वाळवायचा. स्वतःच्या बोर्डाला एवढा वेळ कुणाला होता. तेव्हा दिवसाला दोन दोन बोर्ड जायचे. नंतर वेळच वेळ झाला, फ्लेक्स आल्यावर, पण तेव्हा म्हटलं आता कशाला.

केतकीने जोड काढला. ते पान पण काढलं.

दुसरी ओळ, बोर्ड पेंटर, त्यावर काका जास्त बोलले नाहीत. फक्त "पें" वर बोट ठेवून म्हणाले हा अनुस्वार मात्रेला चिकटव. अॅक्रिलिकच्या अक्षरांत शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, भक्कम बसतो. अनुस्वार मात्र सुटा, बोराएवढा तुकडा, नुसत्या गोंदावर चिकटवलेला, आणि पावसाळ्यात पहिला तोच पडतो. एकदा हे ऐकलं की रस्त्याने चालताना दुसरं काही दिसत नाही, मला परवा घरी जाताना एक "हिदुस्थान" आणि दोन "गणेश भाडार" दिसले. काकांनी कागदावर काढून दाखवलं, मात्रेचं खालचं टोक आणि बिंदू यांच्यामधे एक बारीक पूल, लांबून दिसत नाही पण तुकडा एकच राहतो. रफाराचं तसंच, शिरोरेघेत चांगला रुतवलेला, नाजूक टेकवलेला नाही.

केतकीने नवीन फाइल केली, पण या वेळी आधी प्रिंट काढली. साध्या कागदांवर, तुकडे चिकटवून, खऱ्या मापात. नवीन इमारतीच्या वॉचमनला पटवून ते कागद पट्टीवर लावले आणि दोघं रस्ता ओलांडून समोर उसाच्या रसवंतीपाशी जाऊन उभे राहिले. काकांनी दोन गोष्टी बदलायला लावल्या, अक्षरांमधली जागा वाढवली, कारण आतून लाइट लागला की पिवळा रंग पसरतो आणि अक्षराची पोटं भरून येतात, आणि शै च्या दोन मात्रांमधली फट मोठी केली, त्याच कारणाने. लाइटचं काकांना कुणी शिकवलं नव्हतं, पण रात्री स्टेशनच्या पाट्या बघितल्यात म्हणाले.

बोर्ड लागला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. फॅब्रिकेटरने शिडी लावली, स्क्रू मारले, लेव्हल ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधे. खाली उतरला, शिडी बाजूला केली. शैला आर्ट्स, पाकळीचा ल, देठाचा श. काकू फोटो काढत होत्या. काका समोर रसवंतीपाशी, एक डोळा मिटून.

"उजवीकडे दोन सूत खाली आहे," ते ओरडले.

दोन सूत म्हणजे पाव इंच. तीस फुटांवरून. फॅब्रिकेटर म्हणाला, "काका, लेव्हल बघा ना, एकदम परफेक्ट आहे."

"लेव्हल बरोबर आहे रे. वरचा छज्जाच उजवीकडे चढलाय."

फॅब्रिकेटरने वर बघितलं. केतकीने वर बघितलं. आम्ही कॅमेरा झूम केला, आणि हो, छज्ज्याची कड उजवीकडे थोडी वर गेलेली, बिल्डरचं नवं कोरं काम. सरळ बोर्ड त्याखाली वाकडा दिसत होता.

"छज्ज्याला धरून लाव," काका म्हणाले.

केतकी म्हणाली, "आणि छज्जा दुरुस्त झाला तर?"

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग बिल्डिंगकडे, आणि रसवाल्याला सांगितलं दोन हाफ दे, एकात बर्फ नको. फॅब्रिकेटर शिव्या घालत परत शिडीवर चढला आणि उजवीकडचे दोन स्क्रू सैल करायला लागला.